रीलमधील विनोदाचे टायमिंग

मोबाइलवर उभ्या चौकटीत पाहिल्या जाणाऱ्या छोट्या विनोदी व्हिडिओत प्रश्न, थांबा, उत्तर आणि काट (कट) यांच्या वेळा जुळवण्याचे कसब. २९ जून २०२० रोजी भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने येथे रील्स आणले. सुरुवातीला त्यांना १५ सेकंदांची मर्यादा होती, २०२५ मध्ये ती तीन मिनिटांपर्यंत गेली. तरी एका चिमट्याच्या विनोदाला सात-आठ सेकंद पुरतात. कोकण किनाऱ्यावरच्या मालवणी रील्सचा बराचसा विनोद अशाच चिमट्यांचा असतो. एकाने सरळ विचारायचे, दुसऱ्याने चेहऱ्यावरची रेषही न हलवता तिरके उत्तर द्यायचे.

या बोलण्याची तालीम सिंधुदुर्गात दशावताराच्या रंगमंचावर पिढ्यानपिढ्या होत आली आहे. तिथे संवाद लिहिलेले नसतात. नट ते उभ्या उभ्या रचतो आणि हशा उसळला की तो ओसरेपर्यंत थांबतो. किती थांबायचे हे समोरचे प्रेक्षकच सांगतात. रीलमध्ये ही सोय नाही. हसणारा माणूस कुठे तरी गाडीत किंवा अंथरुणात असतो आणि त्याचे हसू चित्रीकरणाच्या वेळी कुणाला ऐकू येत नाही. त्यामुळे थांब्याचा निर्णय नटाकडून एडिटरकडे जातो. रंगमंचावरचे चांगले नट रीलमध्ये कधी कधी लांबट वाटतात ते यामुळेच. हशासाठी सोडलेली जागा पडद्यावर रिकामी दिसते. विनोदाआधीचा थांबा मात्र दोन्हीकडे लागतोच, आणि रीलमध्ये नेमका तोच आधी कापला जातो.

उदाहरण म्हणून एक प्रसंग घेऊ. मासळी बाजारात मुंबईहून रात्रभर बसने आलेला गिऱ्हाईक बांगड्याचा कल्ला उचकटून विचारतो, “मावशी, बांगडा ताजा आहे ना?” मावशी बांगड्याकडे बघते, मग त्याच्याकडे बघते आणि म्हणते, “तुमच्यापरास.” बस्स, एवढेच.

हौशी मंडळी हा प्रसंग बंदराच्या हवाई दृश्याने सुरू करतात. मग गिऱ्हाईक चालत येतो, ‘काय मावशी, बरी आहेस ना’ होते, आणि दहा-बारा सेकंद गेल्यावर प्रश्न येतो. तोवर पाहणाऱ्याचा अंगठा वर सरकलेला असतो. पहिल्याच फ्रेममध्ये बोट कल्ल्यात असावे आणि पहिल्या अर्ध्या सेकंदात ‘मावशी’ ऐकू यावे. पण सुरुवात केवळ लवकर झाली म्हणून भागत नाही, उत्तर समजायला लागणारी माहितीही तिथेच द्यावी लागते. गिऱ्हाईक शिळा दिसल्याशिवाय ‘तुमच्यापरास’ला अर्थ नाही. म्हणून त्याच्या गळ्यात प्रवासाची उशी, खांद्यावर बॅग आणि विस्कटलेले केस एकाच नजरेत दिसले पाहिजेत. ‘रात्रभर झोप नाही’ असे त्याच्या तोंडी घातले की उत्तराचा अर्धा हिशेब प्रेक्षक आधीच करून मोकळा होतो.

प्रश्न साधारण अडीच सेकंदांत संपतो. नंतर मावशीची नजर बांगड्यावर सुमारे एक सेकंद आणि गिऱ्हाइकावर आणखी पाऊण सेकंद राहते. सेकंदाला ३० फ्रेमच्या व्हिडिओत हा थांबा पन्नासेक फ्रेमचा झाला. तो एवढा चालतो कारण त्यात दोन घटना आहेत. नजर बांगड्यावरून माणसावर सरकते त्या क्षणी तुलना सुरू झाल्याचे कळते आणि उत्तराची भूक लागते. मावशी नुसती कॅमेऱ्यासमोर गप्प बसली असती तर वीस फ्रेमही जड झाल्या असत्या. या थांब्याच्या मध्ये काट घालू नये. नवे दृश्य आले की डोळ्याला काही तरी मिळाल्यासारखे वाटते आणि साचलेला ताण तिथेच गळतो. एडिटिंग ॲपमधली शांत जागा आपोआप काढून टाकणारी सोय अशा रीलवर वापरली तर मावशी प्रश्नावरच उत्तर फेकते. मग ते उत्तर उद्धट वाटते, गमतीचे वाटत नाही.

उत्तरात कळीचा शब्द शेवटी हवा. ‘तुमच्यापरास ताजो आसा’ हे वाक्य बरोबर आहे, पण हसू ‘परास’वर फुटते आणि ‘ताजो आसा’ त्या हसण्यात बुडून मागे घरंगळत राहते. मराठी-मालवणी वाक्य क्रियापदावर संपत असल्यामुळे ही अडचण वारंवार येते. शेपूट तोडून टाकणे हा तिच्यावरचा सर्वांत सोपा इलाज.

शब्द संपताना काट घ्यायची. शेवटच्या अक्षरापर्यंत मावशी दिसावी की ‘परास’ गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर ऐकू यावा, यावर एडिटरांचे एकमत होत नाही. प्रस्तुत उदाहरणात पहिलाच पर्याय बरा, कारण गंमत तिच्या निर्विकार तोंडात आहे. त्यानंतर गिऱ्हाईक जेमतेम वीस फ्रेम दिसावा. तो चपापतो, त्याची नजर पुन्हा बांगड्यावर पडते आणि तिथेच तोडायचे. तो हसू लागेपर्यंत थांबलो तर प्रेक्षकाचे काम त्याने करून टाकलेले असते. रील आपोआप पुन्हा सुरू होते, त्यामुळे खाली गेलेली नजर आणि कल्ल्यातले बोट एकमेकांना जोडले जातात आणि पाहणारा नकळत दुसरी फेरी बघतो.

किनाऱ्यावर आवाजाची एक वेगळी डोकेदुखी असते. लाट फुटत असताना काट पडली तर लाट मध्येच तुटते आणि चित्रातला जोड लपला तरी कानाला कळतो. पावसात पत्र्याच्या छपराखाली तर प्रत्येक काट खटकते. म्हणून चित्रीकरण संपल्यावर त्याच जागी कुणीही न बोलता अर्धा मिनिट नुसता आवाज घ्यावा आणि तो सगळ्या रीलखाली सलग पसरावा. थांब्यात आवाज अगदी शून्यावर आणणे चुकीचे, प्रेक्षकाला मोबाइल बिघडल्याचा भास होतो. उत्तरानंतर ढोल किंवा ‘धडाम’ टाकायची सवय फार पसरली आहे. तो घाईने टाकला की ‘रास’ गिळतो, आणि मावशीच्या तोंडावर जे दिसतच होते ते उगाच अधोरेखित करतो.

आवाज बंद ठेवून बघणाऱ्यांसाठी खालची अक्षरे लागतात, पण प्रश्न आणि उत्तर एकाच पाटीवर आले तर पन्नास फ्रेमचा थांबा वाया जातो. थांब्यात पाटी रिकामी ठेवावी आणि ‘तुमच्यापरास’ ओठांबरोबरच उमटवावे. आपोआप बनणारी अक्षरे मालवणीत हमखास चुकतात, तेव्हा ती हाताने लिहिलेली बरी. पडद्याचा तळ आणि उजवी कड ॲपची बटणे व मजकूर झाकतात, म्हणून पाटी तिथून वर घ्यावी.

काय चुकले ते प्रेक्षक टिकल्याच्या आलेखावरून बरेचसे ओळखता येते. पहिल्या दोन सेकंदांत मोठी घसरण असेल तर दोष सुरुवातीचा. थांब्यातच घसरण झाली तर थांबा लांब आहे असे समजून लोक तो कापतात. बहुधा त्यात नजर हललेली नसते, आणि तसे असेल तर तो प्रसंग पुन्हा चित्रित करण्याला पर्याय नाही. कळीच्या शब्दानंतर घसरण झाली तर शेपूट उरले आहे.

ही मोजमापे चिमट्याची आहेत, गजालीला ती लागू पडत नाहीत. गजालीत सांगणारा शेजाऱ्याच्या फणसावरून सुरू होऊन कोर्टातल्या तारखेवर जातो आणि ती वळणेच ऐकायची असतात. तिच्यातले श्वास आणि ‘मगे काय झाला’ कापून मिनिटात बसवली की बातमी उरते. तिला दीड-दोन मिनिटे द्यावीत, काट कमीत कमी घ्याव्यात आणि सुरुवातीच्या सेकंदांत एवढेच सांगावे की भांडण कुणाचे आहे.