कानाखालची गाठ : किती कापायचं, हा जुना वाद

खानापूर-निपाणीकडे कानाच्या पाळीखाली फुगलं की मराठीत गालगुंड म्हणतात, कानडीत मंगनबावु. दोन्ही नावं तापाबरोबर येणाऱ्या साथीच्या आजाराची, आणि तो साधारण आठवडा-दहा दिवसांत उतरतो. पण न दुखणारी, वर्षानुवर्षं वाढणारी गाठही त्याच नावाखाली लेपावर काढली जाते. घोळ इथूनच सुरू होतो.

कानापुढच्या लाळग्रंथीतल्या दहापैकी सुमारे आठ गाठी कर्करोगाच्या नसतात. सर्वांत जास्त आढळते तिला पूर्वी 'मिश्र गाठ' म्हणत, कारण सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात ग्रंथीही दिसते आणि कूर्चेसारखा भागही. आता कळलंय की हे सगळं लाळनळीच्याच पेशींपासून होतं. बऱ्याचदा एका जनुकाची जागा बदलते आणि पेशी वाढत राहतात, पण शेजारी घुसत नाहीत.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शस्त्रवैद्य ही गाठ आवरण फोडून, गर सोलावा तशी काढत. याच ग्रंथीतून जाणारी, चेहरा हलवणारी नस वाचावी हाच त्यामागचा हेतू. फसगत आवरणाने केली. ते सलग नसतं, गाठीचे बारीक कोंब त्यातून बाहेर डोकावतात आणि मागे राहतात. पाचांत एक ते जवळपास दोन रुग्णांत गाठ परतली, तीही अनेक वर्षांनी, साबुदाण्यासारखे दाणे होऊन. व्रणात नस शोधणं मग फार कठीण. म्हणूनच आजही भोसकून तुकडा काढत नाहीत, बारीक सुईने पेशी तपासतात.

१९५० च्या सुमारास उलटा मार्ग रुळला : आधी नस शोधायची, मग तिच्यावरचा ग्रंथीचा थर गाठीसह काढायचा. परतण्याचं प्रमाण शेकडा चारच्या आत आलं. माझ्या मते खरं वळण हेच. अलीकडे काही जण गाठीभोवती थोडीच निरोगी ग्रंथी घेतात. लहान, हलत्या, वरवरच्या गाठीत ते पटतं. खोल गाठीत नाही.

समजा, पंचेचाळिशीच्या शेतकरी बाईची सुपारीएवढी गाठ सहा वर्षांत लिंबाएवढी झाली. डोळा नीट मिटतो, तोंड वाकडं नाही, हे चांगलं लक्षण. चेहरा लुळा पडला असता, गाठ घट्ट चिकटली असती किंवा झपाट्याने वाढली असती, तर कर्करोगाचा संशय आला असता. तरी थांबू नये, कारण वर्षं लोटतात तशी ती बिघडण्याची शक्यता वाढते. भूल देताना स्नायू लुळे करणाऱ्या औषधाचा असर उतरू देतात, नाहीतर नस चेतवल्यावर ओठ हलतोय का हे कळणार नाही. कानाच्या छिद्रापुढची कूर्चा बोट दाखवावं तशी खूण करते. तिच्या टोकापासून सुमारे एक सेंटीमीटर खाली आणि आत मुख्य नस सापडते. तिथून एकेक फांदी उलगडत पुढे जायचं.

नंतर ओठाची कड काही आठवडे ते महिने मंद राहू शकते, बहुतेकांत सुधारते. पाळीचा बधिरपणा मात्र अनेकदा टिकतो. काहींना काही महिन्यांनी जेवताना गालावर घाम येतो : लाळेकडे जाणारे तंतू घामाच्या ग्रंथींना जाऊन जोडलेले असतात.