हॅशटॅग गुपचूप बंद कसे होतात: #sikh च्या तीन महिन्यांमागची गोष्ट

जून २०२० च्या पहिल्या आठवड्यात जगभरातल्या शीख लोकांच्या लक्षात आलं की इन्स्टाग्राम आणि फेसबुकवर #sikh हा हॅशटॅग उघडतच नाहीये. १९८४ च्या घटनांच्या स्मरणाचे ते दिवस होते, लोक पोस्ट टाकत होते, पण टॅगवर टिचकी मारली की पुढे काहीच नाही. आरडाओरडा झाला तसा टॅग पटकन परत चालू झाला आणि कंपनीने चूक कबूल केली. पण मला या प्रकरणात सगळ्यात जास्त खटकते ती पुढची माहिती. टॅग जूनमध्ये बंद झालाच नव्हता, तो ७ मार्चलाच बंद झाला होता! कोणीतरी रिपोर्ट केला, तो तपासणाऱ्या टीमने चुकीचा वाचला, आणि एका अख्ख्या धर्माच्या नावाचा टॅग जवळपास तीन महिने बंद राहिला. ज्यांनी तो टॅग लावला त्यांना ना नोटिफिकेशन आलं ना पोस्ट डिलीट झाली, त्यांच्या स्वतःच्या प्रोफाइलवर सगळं व्यवस्थित दिसत होतं.

हे असं का होऊ शकतं ते समजायला थोडं मागे जावं लागतं.

हॅशटॅगची कल्पना क्रिस मेसिना याने ऑगस्ट २००७ मध्ये ट्विटरवर मांडली आणि इन्स्टाग्रामने तो जानेवारी २०११ मध्ये आणला. टॅग म्हणजे खरं तर एक पान, त्या शब्दाच्या सगळ्या पब्लिक पोस्ट जिथे गोळा होतात ते. तुम्हाला फॉलो न करणारा माणूस तुमच्या पोस्टपर्यंत यायचा तो मुख्यतः याच पानावरून. आणि इथेच सगळी मेख आहे, कारण आपण ज्याला ‘हॅशटॅग बॅन’ म्हणतो त्यात तो शब्द टाइप करायला बंदी नसते, बंद होतं ते पान. तुम्ही टॅग लावू शकता, तो निळा दिसतो, फक्त पलीकडच्या बाजूने कोणी येत नाही.

पहिली मोठी बंदी एप्रिल २०१२ ची. उपाशी राहून शरीर झिजवण्याचं कौतुक करणाऱ्या पोस्ट तेव्हा वाढल्या होत्या, म्हणून इन्स्टाग्रामने नियम बदलले आणि #thinspiration, #proana यांसारखे टॅग सर्चमधून काढून टाकले. हेतू चांगलाच होता, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण पुढे काय झालं ते जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी २०१६ च्या एका पेपरमध्ये दाखवलं: बंद झालेल्या टॅगांची वेडीवाकडी स्पेलिंग तयार झाली. त्या पेपरच्या नावातच #thyghgapp असा टॅग आहे, म्हणजे मूळ thighgap ची मोडतोड. मंडळी हटली नाहीत, शेजारच्या शब्दात राहायला गेली, आणि तिथे सहभाग कमी व्हायच्या ऐवजी वाढलेला दिसला. म्हणजे ज्यांना चुकवायचं होतं ते चुकवून गेले, आणि मूळ शब्द साध्या अर्थाने वापरणारे मात्र मागे अडकले. पुढच्या जवळपास प्रत्येक प्रकरणात मला हाच नमुना दिसतो.

जुलै २०१५ मध्ये #curvy बंद झाला. कारण दिलं गेलं की त्या टॅगखाली नग्न फोटो टाकले जात होते. टाकले जात असतीलही, पण तोच टॅग भरल्या अंगाच्या बायका स्वतःचे साधे कपड्यांतले फोटो टाकायला वापरत होत्या, आणि त्यांना दिसलं की #skinny चालू आहे, #thin चालू आहे, फक्त आपलाच शब्द बंद. लोकांनी लगेच #curvee काढला, बातम्या झाल्या, आणि त्याच महिन्यात मूळ टॅग परत आला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये इमोजीचे हॅशटॅग सुरू झाले तेव्हा वांग्याचा इमोजी सर्चमध्ये चालत नव्हता, त्याचंही कारण तेच, लोक तो कशासाठी वापरत होते ते.

इथे कारण नीट समजून घेऊ या. एका टॅगखाली लाखो पोस्ट असतात, त्यातल्या काही घाण असतात. एकेक पोस्ट तपासून काढायला माणसं लागतात, वेळ लागतो. पान बंद करायला एक नोंद पुरते. त्यामुळे टॅगचा अर्थ काय हा प्रश्नच मागे पडतो, त्याखाली किती घाण साचली आहे एवढंच बघितलं जातं, आणि निरुपद्रवी शब्द त्यात सापडतात कारण घाण टाकणारे मुद्दाम निरुपद्रवी आणि गर्दीचे शब्दच निवडतात.

मग २०१७ च्या सुरुवातीला ‘शॅडोबॅन’ हा शब्द सगळीकडे झाला. फोटोग्राफर, छोटे धंदेवाले तक्रार करत होते की आमच्या पोस्ट टॅगच्या पानावर येतच नाहीत. २८ फेब्रुवारी २०१७ ला इन्स्टाग्रामने त्यांच्या बिझनेस पेजवर मान्य केलं की हॅशटॅग सर्चमध्ये अडचण आहे आणि त्यामुळे पोस्ट दिसत नाहीयेत, आणि सोबत सल्ला दिला की हॅशटॅगपेक्षा आपल्या उद्दिष्टाकडे लक्ष द्या. ज्या माणसाचं पूर्ण काम टॅगवरून येणाऱ्या लोकांवर चालतं त्याला हे उत्तर म्हणजे उत्तरच नाही.

२०१९ मध्ये आणखी एक पायरी आली. एप्रिलमध्ये जाहीर झालं की नियम न मोडणारी पण ‘अयोग्य’ वाटणारी पोस्टसुद्धा एक्सप्लोर आणि हॅशटॅगच्या पानांवर कमी दाखवली जाईल. म्हणजे आता दोन वेगवेगळ्या गोष्टी झाल्या: एक टॅगवरचं बंधन आणि दुसरं तुमच्या पोस्टवरचं बंधन. त्याच उन्हाळ्यात पोल डान्स करणाऱ्यांचे #poledancing सारखे टॅग लपवले गेले, त्यांनी पाठपुरावा केला आणि शेवटी माफी मिळाली. ही दोन बंधनं बाहेरून अगदी सारखी दिसतात, रीच पडतो एवढंच कळतं, आणि बहुतेक लोकांचा गोंधळ इथेच होतो.

मे २०२१ मध्ये #AlAqsa सर्चमधून गायब झाला तेव्हाचं कारण पुढच्या वर्षी बाहेर आलेल्या बीएसआर या संस्थेच्या अहवालात आहे आणि ते वाचून मी खरंच हादरलो. बाहेरच्या कंत्राटदाराकडच्या एका कर्मचाऱ्याने अमेरिकेच्या अर्थ खात्याच्या यादीवरून शब्द उचलले, त्या यादीत एका सशस्त्र गटाचं नाव होतं ज्यात हा शब्द येतो, आणि जेरुसलेमच्या मशिदीचं नाव ब्लॉकच्या यादीत जाऊन बसलं. कोणी ठरवून केलं नव्हतं. एका यादीतून दुसऱ्या यादीत शब्द उतरवताना झालं.

आता तपासायचं कसं, आणि तपासण्यातही इतिहासाने काय गडबड केली ते.

सगळ्यात भरवशाची पद्धत अजूनही हाताने बघायचीच आहे. सर्चमध्ये जा, टॅग अक्षर न चुकता टाइप करा, टॅगांच्या यादीतून तो उघडा. चांगला टॅग असेल तर पोस्ट खाली खाली येत राहतात. पूर्ण बंद असेल तर पानच मिळत नाही किंवा रिकामं दिसतं. मधली अवस्था फसवी असते, वर काही निवडक पोस्ट दिसतात आणि तिथेच संपतं, खाली एक सूचना असते. कित्येक वर्षं तिची भाषा ही होती:

```
Recent posts from #… are currently hidden because the community has reported some content that may not meet Instagram's community guidelines.
```

शब्द बदलत राहतात, पण hidden किंवा limited असं काही दिसलं तर समजा की टॅग अडकलेला आहे. नुसतं टाइप करताना सुचवण्यांत टॅग आला नाही म्हणून लगेच बॅन समजू नका, पान उघडून बघेपर्यंत काही सिद्ध होत नाही. आणि पोस्टची संख्या मोठी दिसली म्हणून टॅग चालू आहे असंही नाही, संख्या जुन्या पोस्टची असते.

पूर्वी अजून एक सोपी चाचणी होती. पोस्ट टाकायची, तुम्हाला फॉलो न करणाऱ्या मित्राच्या फोनवरून टॅगचं ‘रिसेंट’ बघायचं, पोस्ट दिसली तर ठीक. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेच्या निवडणुकीआधी तिथे रिसेंटचा टॅब तात्पुरता काढला आणि नंतरच्या काही वर्षांत तो बहुतेक ठिकाणांहून गेलाच. आता पान क्रमवारीने लागतं, त्यामुळे तुमची पोस्ट तिथे न दिसणं हा पुरावा राहिला नाही. नेटवरचे जुने लेख अजून ही चाचणी सांगतात आणि लोक उगाच घाबरतात.

समजा एक जण कोळशाने माणसांची रेखाचित्रं काढतो. नेहमी त्याच्या पोस्ट फॉलो न करणाऱ्या लोकांपर्यंत बऱ्यापैकी जातात, यावेळी इनसाइट्समध्ये तो आकडा एकदम पडलाय. त्याने पाच टॅग लावलेत. आधी त्याने पाचही टॅग एकेक करून उघडायचे, जमलं तर दुसऱ्या अकाउंटवरूनही, कारण सेन्सिटिव्ह कंटेंटच्या सेटिंगमुळे दोघांना वेगळं दिसू शकतं. त्यात दोन अडकलेले निघाले असं धरू, दोन्ही नग्न चित्रकलेशी संबंधित. मग पोस्ट एडिट करून ते दोन काढायचे. पण इथेच थांबायचं नाही, सेटिंगमध्ये Account Status बघायचं. डिसेंबर २०२२ पासून तिथे कळतं की तुमचं काही फॉलो न करणाऱ्यांना सुचवण्यातून बाद झालंय का. तिथे रेखाचित्रच अडकलेलं दिसलं तर टॅग काढून काही होणार नाही, तिथूनच अपील करावं लागेल. तिथे सगळं हिरवं असेल आणि टॅग मात्र अडकलेले असतील तर ते दोन टॅग ज्या वाटा देणार होते त्या बंद होत्या, एवढंच खात्रीने म्हणता येतं. Account Status टॅगबद्दल काहीच सांगत नाही, तिथे फक्त तुमच्या कंटेंटची माहिती असते.

एक अडकलेला टॅग अख्खी पोस्ट मारतो, बाकीचे सगळे टॅगही निकामी करतो, असं खूप ठिकाणी छातीठोक लिहिलेलं असतं. इन्स्टाग्रामने असं कधी सांगितलेलं नाही. त्या चित्रकाराला पडताळायचंच असेल तर पुढची तीन-चार चित्रं तशाच विषयाची, साधारण त्याच वेळेला, ते दोन टॅग न लावता टाकून आकडे शेजारी ठेवून बघावे. एका पोस्टवरून काही ठरत नाही.

आणि ‘बॅन हॅशटॅगची संपूर्ण यादी’ असल्या पोस्ट कॉपी करून ठेवू नका. #curvy त्याच महिन्यात परत आला, #sikh तीन महिन्यांनी. यादी करणाऱ्याने कुठल्या दिवशी बघितलं हे लिहिलेलं नसतं, आणि ७ मार्च २०२० च्या आधी केलेल्या कुठल्याही यादीत #sikh असणं शक्यच नव्हतं. स्वतःचे नेहमीचे वीस-पंचवीस टॅग एका नोटमध्ये ठेवा, शेजारी शेवटचं तपासल्याची तारीख, आणि महिन्यातून एकदा उघडून बघा.