रिपोर्ट चालू असताना बिल का रेंगाळतं?

समजा, सीताबर्डी, इतवारी आणि धरमपेठेत दुकानं असलेल्या एका मिठाईवाल्याचे सगळे काउंटर एकाच पोस्टग्रेस डेटाबेसला जोडलेले आहेत. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी मालकांनी तीन वर्षांच्या विक्रीचा रिपोर्ट लावला. तो 20 मिनिटं चालला आणि तेवढ्यात बर्डीवर बिलं रेंगाळू लागली.

‘सर्व्हरवर लोड आला’ हे उत्तर अर्धंच आहे. खरी गंमत संत्रा बर्फीच्या स्टॉकच्या ओळीत आहे. डबा विकला की पोस्टग्रेस जुना आकडा खोडत नाही. तो त्या ओळीची नवी प्रत लिहितो आणि जुनी प्रत नंतर साफ करतो. रिपोर्टला मात्र तो सुरू झाला त्या क्षणाचंच चित्र शेवटपर्यंत दिसायला हवं, म्हणून तो संपेपर्यंत त्यानंतर जुन्या झालेल्या प्रती साफ करता येत नाहीत. रिपोर्ट स्टॉकच्या टेबलाला हात लावत नसला तरीही!

मिनिटाला 60 डबे गेले, तर 20 मिनिटांत त्या एका ओळीच्या 1200 प्रती साचतात. डेटाबेसचं एक पान 8 केबीचं, त्यात अशा साठ-सत्तर प्रती मावतात. म्हणजे जी ओळ एका पानात सापडायची, तिच्यासाठी आता प्रत्येक बिलामागे अठराएक पानं चाळावी लागतात. `pg_stat_user_tables` मध्ये त्या टेबलाचा `n_dead_tup`, म्हणजे साफ न झालेल्या जुन्या प्रतींचा आकडा, चढत राहिला आणि `pg_stat_activity` मध्ये एखादी क्वेरी बराच वेळ चालू दिसली, तर दुखणं हेच समजावं.

रिपोर्ट रेप्लिकावर, म्हणजे डेटाबेसच्या चालत्या प्रतीवर हलवला तर? मूळ डेटाबेसमधली सफाई तिथेही पोचते आणि चालू रिपोर्टच्या आड आली, तर ठरावीक वेळ थांबून रिपोर्टच रद्द होतो. ते टाळायला `hot_standby_feedback` चालू केलं, की मूळ डेटाबेस पुन्हा जुन्या प्रती धरून बसतो.

म्हणून रिपोर्टसाठी वेगळा, विश्लेषणाचा डेटाबेस ठेवणं मला जास्त पटतं. क्लिकहाउस किंवा डकडीबी ओळी नव्हे, रकाने एकत्र साठवतात. बिलाची एक ओळ 200 बाइटची धरली, तर 1 कोटी ओळींचे 2 जीबी होतात. रिपोर्टला तारीख, वस्तू आणि रक्कम एवढंच हवं असतं, फार तर 24 बाइट. मग 240 एमबी वाचून काम भागतं, आणि एकाच जातीची माहिती शेजारीशेजारी असल्यामुळे ती दाबून आणखी लहान करता येते. बिल करताना मात्र ही रचना अडचणीची, कारण एकच ओळ लिहायला प्रत्येक रकान्यात जावं लागतं.

रात्री दुकान बंद झालं की दिवसभराची माहिती तिकडे न्यायची. इथे एक चूक हमखास होते: ‘आजच्या तारखेची बिलं’ एवढीच नेली जातात. परवाचं बिल आज रद्द झालं असेल, तर रिपोर्टमध्ये ती विक्री तशीच राहते आणि महिनाअखेरीस ताळा जुळत नाही. नेताना बिलाची तारीख नाही, ओळ शेवटची कधी बदलली ती वेळ बघायची; आणि रद्द बिल पुसून न टाकता त्यावर ‘रद्द’ अशी खूण ठेवायची.