श्रावणबाळ योजनेसाठी वयाचा पुरावा : जन्मदाखला नाही, शाळेचा दाखलाही नाही, तेव्हा

आमच्याकडे रोज कोणीतरी आजीला रिक्षातून घेऊन येतं आणि म्हणतं, “आधार आहे ना, लावा की तेच!” आधार हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नव्हे. पूर्वी आधार काढताना कित्येकांचं वय अंदाजाने सांगितलं गेलं, म्हणून तर १ जानेवारीला जन्मलेल्या आज्या तालुक्यात इतक्या सापडतात.

श्रावणबाळसाठी ६५ वर्षं पूर्ण हवीत. जन्मनोंद किंवा शाळेचा दाखला नसेल, तर मतदार यादीचा किंवा रेशनकार्डाचा उतारा, नाहीतर ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा वयाचा दाखला चालतो. खासगी डॉक्टरांची चिठ्ठी आणू नका.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो एका चुकीने: कागद गोळा व्हायच्या आधीच आधारवरची तारीख बदलून आणणं. ही दुरुस्ती साधारणपणे एकदाच करता येते. अलीकडेच एका नातवाने घाईत मिळवलेल्या दाखल्यावर आजीचं जन्मवर्ष १९६६ चं १९५१ करून आणलं. नंतर आम्ही १९९५ ची मतदार यादी काढली, तर तीत वय ३८. यादीतलं वय त्या वर्षीच्या १ जानेवारीचं असतं, म्हणजे जन्म १९५६ चा. रेशनकार्ड १९९९ चं, त्यात वय ४२, तेही याच्याशी जुळतं. आजी ६५ च्या पुढे होत्याच, आधारला हात लावायची घाई नव्हती. आता खऱ्या कागदांशीच आधार जुळत नाही, आणि दुरुस्तीची संधी संपलेली.

म्हणून जुने कागद आधी शोधा. रेशनकार्डावरचं वय कार्ड काढलं त्या वर्षीचं असतं. ते आजचं समजून “वय कमी पडतंय” म्हणत परत जाऊ नका. थोरल्या मुलाचा शाळेचा दाखलाही सोबत ठेवा. तो पुरावा धरला जात नाही, पण मुलगा १९७५ चा असेल तर आई १९६६ ची कशी, हे समोरच्याला लगेच कळतं. कोतवाल बुकात शोधायचं असेल तर बाईंच्या माहेरच्या गावी, वडिलांच्या नावाने शोधा. बहुधा तिथे नुसतं ‘मुलगी’ एवढंच लिहिलेलं असतं.

वैद्यकीय दाखला शेवटी. उतारवयात एक्स-रेवरून नेमकं वर्ष सांगता येत नाही, डॉक्टरही अंदाजच देतात. जुने कागद त्यांना दाखवलेत तर अंदाज भरकटत नाही.

आम्ही त्याच दिवशी अर्ज भरत नाही, म्हणून काही जण रागावतात. पण तीन कागदांवर तीन वर्षं असलेला अर्ज त्रुटीत निघाला, की पुन्हा हेलपाटे तुम्हालाच. यादी शोधून वर्षांचा मेळ घालण्याचे पैसे आम्ही वेगळे घेतो, आणि ते आधी सांगतो. वय वाढवून देणारे कागद मात्र आमच्याकडे मिळत नाहीत. येताना रेशनकार्ड मूळ आणा, आणि आजींचं माहेरचं नाव व गाव लिहून आणा.