सर्किट मर्यादा आणि व्यवहारस्थगिती

शेअर बाजारात एका दिवसात एखाद्या शेअरची किंमत किंवा संपूर्ण बाजाराचा निर्देशांक किती खाली-वर जाऊ शकतो, यावर बाजारनियमांनी घातलेल्या बंधनाला सर्किट मर्यादा म्हणतात, आणि काही कारणाने खरेदी-विक्री ठरावीक काळापुरती थांबवली जाते तेव्हा तिला व्यवहारस्थगिती म्हणतात. भारतात बोलताना दोन्हींसाठी ‘सर्किट लागले’ हा एकच शब्दप्रयोग वापरला जातो, आणि भागधारकांच्या बहुतेक गैरसमजांचे मूळ तिथेच आहे. निर्देशांकाला सर्किट लागले की व्यवहार खरोखरच बंद पडतात. एकट्या शेअरला सर्किट लागले की व्यवहार बंद पडत नाहीत. किंमत एका मर्यादेवर अडते आणि त्या किमतीला समोरचा पक्ष मिळाला तर सौदा होतच राहतो. पहिल्या प्रसंगी भागधारकाला वाट पाहण्यापलीकडे काही करता येत नाही, दुसऱ्या प्रसंगी त्याला रांगेत उभे राहता येते.

एकट्या शेअरसाठी असलेल्या मर्यादेला किंमतपट्टा किंवा प्राइस बँड म्हणतात. आदल्या दिवसाच्या बंद भावाच्या 2, 5, 10 किंवा 20 टक्के वर आणि तितकेच टक्के खाली अशा दोन भिंती उभारल्या जातात. वरच्या भिंतीला अप्पर सर्किट आणि खालच्या भिंतीला लोअर सर्किट म्हणतात. पट्टा किती रुंद असावा हे शेअर बाजार ठरवतात, आणि एखाद्या शेअरमध्ये संशयास्पद उलाढाल दिसली तर देखरेखीच्या नियमांखाली तो अरुंद करतात. भिंतीपलीकडची ऑर्डर संगणकप्रणाली स्वीकारतच नाही.

याचे कामकाज समजण्यासाठी जिओ फायनान्शियल सर्व्हिसेसची नोंदणी हे चांगले उदाहरण आहे. रिलायन्स इंडस्ट्रीजमधून वेगळ्या झालेल्या या कंपनीचा एक शेअर रिलायन्सच्या प्रत्येक शेअरमागे भागधारकांना मिळाला होता. 21 ऑगस्ट 2023 रोजी मुंबई शेअर बाजारात तो 265 रुपयांना आणि राष्ट्रीय शेअर बाजारात 262 रुपयांना नोंदला गेला. नव्याने नोंदलेला शेअर म्हणून पहिले 10 दिवस तो ‘ट्रेड टू ट्रेड’ गटात होता. त्या गटात त्याच दिवशी घेऊन त्याच दिवशी विकण्याची मुभा नसते, प्रत्येक सौद्याची डिलिव्हरी द्यावी किंवा घ्यावी लागते. किंमतपट्टा 5 टक्क्यांचा होता. 265 रुपयांच्या 5 टक्के खाली म्हणजे 251 रुपये 75 पैसे, आणि पहिल्याच दिवशी मुंबईतील भाव तिथे जाऊन अडला. दुसऱ्या दिवशीची भिंत 265 वरून नव्हे, तर 251.75 वरून मोजली गेली आणि 239.20 वर आली. तिसऱ्या दिवशी ती 227.25 वर आणि चौथ्या दिवशी 215.90 वर होती. चारही दिवशी भाव खालच्या भिंतीला जाऊन टेकला.

या आकड्यांत एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. चार दिवस प्रत्येकी 5 टक्के घसरण झाली, तरी एकूण घसरण 20 टक्के नसून सुमारे साडेअठरा टक्के भरते, कारण रोजचे 5 टक्के आधीच कमी झालेल्या रकमेवर मोजले जातात. परतीच्या वाटेवर हाच हिशेब उलटा पडतो. 215.90 वरून एका दिवसात जास्तीत जास्त 226 रुपये 65 पैशांच्या आसपास जाता येते, म्हणजे आदल्या पायरीवरही पूर्ण परतता येत नाही.

घसरणीचे कारणही बोलके आहे. कंपनी वेगळी होताना तिचा शेअर तात्पुरता निर्देशांकांत ठेवला गेला होता, आणि नोंदणीनंतर तो वगळला जाणार हे सर्वांना ठाऊक होते. निर्देशांकाप्रमाणे चालणाऱ्या फंडांना तो विकणे भागच होते. विकणारे पुष्कळ आणि घेणारे थोडे, त्यात घेणाऱ्यांनाही उद्या भाव आणखी खाली मिळेल अशी खात्री, त्यामुळे खालच्या भिंतीवर विक्रीची रांग वाढत गेली. मुंबई शेअर बाजाराच्या निर्देशांकांतून हा शेअर 24 ऑगस्टला वगळला जायचा होता. पण लागोपाठ लोअर सर्किट लागत असताना फंडांना तो विकता येत नाही, म्हणून ही तारीख दोनदा पुढे ढकलली गेली आणि शेवटी 1 सप्टेंबर ठरली. घसरण आवरण्यासाठी घातलेली मर्यादा इथे विक्री लांबवणारी ठरली, असे माझे मत आहे. विक्रीचा दबाव नाहीसा झाला नाही, तो पुढच्या दिवसांवर वाटला गेला.

लोअर सर्किटला अडकलेल्या भागधारकाने ही रांग समजून घेणे आवश्यक आहे. बाजारात आधी भाव आणि मग वेळ असा क्रम लागतो. भिंतीवर सर्व विक्रेत्यांचा भाव एकच असल्यामुळे केवळ वेळच उरते, आणि ज्याची ऑर्डर आधी पोहोचली त्याचे शेअर आधी विकले जातात. ब्रोकरच्या पडद्यावर बाजाराची खोली दाखवणाऱ्या रकान्यात खरेदीच्या बाजूला शून्य आणि विक्रीच्या बाजूला लाखो शेअर दिसत असतील, तर शेअर लॉक झाला आहे असे समजावे. खरेदीच्या बाजूला थोडेफार आकडे येऊन नाहीसे होत असतील, तर रांग पुढे सरकत आहे. भाव ठरवलेल्या पातळीपर्यंत उतरला की आपोआप विक्रीला जाणारी स्टॉप लॉस ऑर्डर इथे संरक्षण देत नाही. ठरवलेल्या भावाला ती जागी होते खरी, पण घेणारा नसेल तर ती त्याच रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहते.

अप्पर सर्किटमध्ये हाच प्रकार उलट दिशेने होतो. शेअर हातात नसताना सकाळी विकून संध्याकाळपूर्वी परत घेण्याचा बेत केलेल्या माणसाला अप्पर सर्किटमध्ये विकणाराच मिळत नाही. त्याच्याकडून डिलिव्हरी होत नाही, शेअर बाजार लिलावातून ते शेअर मिळवतो, आणि वाढीव किंमत व दंड त्या विक्रेत्याला भरावा लागतो. भाग ताब्यात असलेल्या साध्या भागधारकाला मात्र अप्पर सर्किटमध्ये असा धोका नसतो. त्याने लक्षात घ्यायचे ते इतकेच की, कमी उलाढालीच्या शेअरमध्ये थोड्याशा खरेदीनेही रोज अप्पर सर्किट लावता येते, आणि चढताना लॉक झालेला शेअर उतरतानाही तसाच लॉक होतो.

शेअर बाजार ही मर्यादा घालतात त्याची कारणे भागधारकाच्या भावनांपेक्षा सौद्याच्या पूर्ततेशी अधिक निगडित आहेत. प्रत्येक सौद्याची हमी क्लिअरिंग कॉर्पोरेशन घेते आणि त्यासाठी ब्रोकरकडून मार्जिन, म्हणजे अनामत रक्कम, आगाऊ घेते. एका दिवसात भाव जास्तीत जास्त किती हलेल हे ठाऊक असेल तर हे मार्जिन पुरेसे ठेवता येते. दुसरे कारण बाजारावर कृत्रिम प्रभाव टाकण्याचे प्रयत्न महाग करणे हे आहे, आणि तिसरे चुकीच्या ऑर्डरींचा परिणाम आवरणे हे. 5 ऑक्टोबर 2012 रोजी राष्ट्रीय शेअर बाजारात एका ब्रोकरकडून 650 कोटी रुपयांहून अधिक मूल्याच्या चुकीच्या ऑर्डरी गेल्या आणि निफ्टी काही क्षणांत सुमारे 15 टक्के कोसळला. व्यवहार थांबवले गेले, पण तोवर प्रणालीत शिरलेल्या ऑर्डरी पूर्ण झाल्या होत्या. मर्यादा कागदावर असणे आणि ती वेळेवर लागू होणे यांत किती अंतर असू शकते, हे त्या सकाळी दिसले.

वायदे व्यवहार, म्हणजे पुढच्या तारखेच्या खरेदी-विक्रीचा भाव आजच ठरवणारे करार, उपलब्ध असलेल्या मोठ्या शेअरना ठाम किंमतपट्टा नसतो. शेअर अडलेला आणि त्याचा वायदा हलता राहिला तर जोखीम झाकण्याची सोयच मोडते, म्हणून अशा शेअरसाठी 10 टक्क्यांपासून सुरू होणारा लवचीक पट्टा असतो आणि ठरावीक अटी पूर्ण झाल्या की तो सरकवला जातो. भिंत नसल्याने काय घडू शकते हे 7 जानेवारी 2009 रोजी दिसले. सत्यम कॉम्प्युटर्सच्या हिशेबांतील फसवणुकीची कबुली बाहेर आली आणि आदल्या दिवशी 179 रुपयांच्या आसपास असलेला शेअर एका दिवसात 40 रुपयांपर्यंत आला. भागधारकाला बाहेर पडता आले, पण तीन चतुर्थांशांहून अधिक मोल गमावून. भिंत असती तर तोटा कमी झाला असता असे मात्र नाही. तो अनेक दिवसांवर पसरला असता आणि त्या काळात शेअर विकताच आला नसता.

संपूर्ण बाजाराची स्थगिती सेबीने 2 जुलै 2001 पासून लागू केली. सेन्सेक्स किंवा निफ्टी यांपैकी जो निर्देशांक आधी 10, 15 किंवा 20 टक्के हलेल त्यावरून देशभरातील शेअर आणि शेअरसंबंधित वायदे व्यवहार एकाच वेळी थांबतात. थांबा किती वेळाचा हे टप्प्यावर आणि घड्याळावर ठरते. दुपारी एकच्या आत 10 टक्क्यांचा टप्पा ओलांडला तर 45 मिनिटे व्यवहार थांबतात आणि नंतर 15 मिनिटांच्या लिलावसत्राने बाजार पुन्हा उघडतो. दुपारी अडीचनंतर याच टप्प्याला थांबा नसतो. 20 टक्क्यांना मात्र दिवसभराचा बाजार संपतो.

13 मार्च 2020 रोजी करोना साथीच्या भीतीने निफ्टी उघडताच 10 टक्क्यांहून अधिक कोसळला आणि व्यवहार थांबले, तेव्हा सेन्सेक्सची घसरण अजून 10 टक्क्यांच्या आतच होती. थांब्यानंतर बाजार उलटला आणि आदल्या दिवशी 32,778 वर असलेला सेन्सेक्स 1,325 अंकांनी वाढून 34,103 वर बंद झाला. दहाच दिवसांनी, 23 मार्चला, पुन्हा तसाच थांबा लागला. या वेळी बाजार उघडल्यावर घसरण वाढतच गेली आणि सेन्सेक्स 3,934 अंकांनी, म्हणजे 13 टक्क्यांहून अधिक, खाली बंद झाला. थांबा दोन्ही दिवशी सारखाच होता. वेगळी होती ती त्यानंतर आलेली खरेदी. बंद काळात माणसे बातमी वाचू शकतात, पैसे जमवू शकतात, ऑर्डर रद्द करू शकतात. त्यापुढे थांब्याचे सामर्थ्य जात नाही.

थांबा चुकीच्या ठिकाणी ठेवला तर तो घबराट वाढवतो. चीनने जानेवारी 2016 मध्ये 5 आणि 7 टक्क्यांचे टप्पे लागू केले. हे टप्पे इतके जवळजवळ होते की, पहिला थांबा लागताच दुसरा येण्याआधी विकून मोकळे व्हावे असे सर्वांना वाटू लागले. 4 आणि 7 जानेवारीला बाजार दिवसभरासाठी बंद करावा लागला आणि 8 तारखेपासून ती योजनाच स्थगित झाली.

याहून वेगळा तिसरा प्रकार म्हणजे कंपनीने नियम न पाळल्यामुळे तिच्या शेअरचे व्यवहार निलंबित होणे. यात ना पट्टा असतो ना ठरावीक मिनिटे, आणि निलंबन वर्षानुवर्षे टिकू शकते. भाग डिमॅट खात्यात राहतात, मालकी कायम राहते, बाजाराबाहेर हस्तांतरणही करता येते. पण बाजारभाव सांगणारा कुणी उरत नाही, आणि खात्यात दिसणारी किंमत बहुधा शेवटच्या सौद्याच्या दिवशीचीच असते.