प्रेसनोट कशी लिहितात आणि कोणाकडे पाठवतात
छोट्या कार्यक्रमांच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे येणारे बहुतेक जण पहिले वाक्य एकच बोलतात, "तेवढी बातमी लावून द्या." तुमचा कार्यक्रम बचतगटाचे प्रदर्शन असो, दुकानाचे उद्घाटन असो की शाळेचे स्नेहसंमेलन, बातमी लावणे आमच्या हातात नसते. ते उपसंपादकाच्या हातात असते आणि संध्याकाळी त्याच्यासमोर अशा चाळीस-पन्नास नोटा पडलेल्या असतात. आम्ही दोन गोष्टी करू शकतो. तुमची नोट त्याला फार न बदलता उचलता येईल अशी लिहायची आणि ती योग्य माणसाकडे योग्य वेळी पोहोचवायची. छोट्या कार्यक्रमांसाठी हे काम आमच्याकडे शिकायला आलेली इंटर्न करते आणि आम्ही ते तपासतो. ती तुम्हाला फोन करून एवढे प्रश्न का विचारते, हे कळावे म्हणून लातूरच्या एका कामाची हकिकत सांगतो.

लातूर तालुक्यातल्या बारा जणींच्या बचतगटाला ज्वारीच्या पदार्थांचे एक दिवसाचे प्रदर्शन भरवायचे होते. दिवस होता रविवार, १९ जानेवारी २०२५. गटाने स्वतःच नोट लिहून आणली होती. ती अशी सुरू होत होती : "प्रतिवर्षाप्रमाणे याही वर्षी मोठ्या उत्साहात व मान्यवरांच्या शुभहस्ते दीपप्रज्वलन करून…" त्यापुढे नऊ पाहुण्यांची नावे पदांसकट आली होती. प्रदर्शन कशाचे आहे ते सातव्या ओळीत होते आणि वेळ कुठेच नव्हती.

यात गटाची चूक म्हणता येणार नाही. निमंत्रणपत्रिका अशीच लिहितात आणि पाहुण्यांचा मान राखावाच लागतो. पण उपसंपादक जागा कमी पडली की बातमी खालून कापतो. छोट्या कार्यक्रमाला बहुधा सिंगल कॉलम मिळतो, म्हणजे साधारण ऐंशी ते शंभर शब्द. वरच्या तीन ओळींत पाहुणेच बसले तर खालची ज्वारी कापली जाते. म्हणून आमच्याकडे नोटेचा पहिला परिच्छेद, म्हणजे इंट्रो, एकटा छापला तरी वाचक घरून निघून कार्यक्रमाला पोहोचला पाहिजे, असा नियम आहे.

इंटर्नने गटाच्या अध्यक्षताईंना फोन लावला. पदार्थ किती? सतरा. आधी काय करत होता? ज्वारी आडतीवर घालत होतो, दोन वर्षांपासून लाह्या, पापड, रवा करून विकतो. पीक कोणाचे? आमच्याच रानातले. हुरडा आहे का? आहे, तिथेच भाजून देणार. मग तिने विचारले, "हुरडा गूळभेंडीचा का?" त्यावर ताई जरा थांबल्या आणि मग दहा मिनिटे बोलत राहिल्या. नोटेतली सर्वांत चांगली ओळ त्या दहा मिनिटांतून आली. इंटर्न औशाकडची आहे, म्हणून तिला हे सुचले. पुण्यातल्या एखाद्या मोठ्या एजन्सीला बहुधा सुचले नसते, एवढी फुशारकी मारू द्या. तयार झालेली नोट अशी होती. जागेचे व माणसांचे नाव येथे गाळले आहे.

"लातूर : ज्वारीपासून तयार केलेल्या १७ पदार्थांचे प्रदर्शन व विक्री रविवारी (ता. १९) सकाळी १० ते सायंकाळी ६ या वेळेत औसा रोडवरील … मंगल कार्यालयात होणार आहे. लातूर तालुक्यातील १२ महिलांच्या बचतगटाने हे प्रदर्शन भरवले असून प्रवेश विनामूल्य आहे. गूळभेंडी ज्वारीचा हुरडा जागेवरच भाजून मिळेल.

पूर्वी आडतीवर ज्वारी विकणाऱ्या या महिला दोन वर्षांपासून लाह्या, पापड, रवा व आंबिलाचे पीठ तयार करून विकतात. त्यासाठीची ज्वारी त्यांच्या स्वतःच्या शेतातील आहे. उद्घाटन सकाळी १० वाजता … यांच्या हस्ते होईल. संपर्क : …"

नऊपैकी एकच पाहुणा राहिला, जो फीत कापणार होता. उरलेल्या आठ जणांची नावे कार्यक्रमानंतरच्या बातमीत देऊ, असे आम्ही गटाला सांगितले.

मूळ नोटेतली दोन वाक्ये मात्र काढूनच टाकली. एक होते "महाराष्ट्रातील पहिलेच प्रदर्शन." पुरावा कोणाकडेच नव्हता आणि बातमीदार असा दावा पाहिला की बाकीच्या मजकुराकडेही संशयाने पाहतो. दुसरे होते "ज्वारी खाल्ल्याने मधुमेह बरा होतो." ज्वारीत तंतुमय पदार्थ भरपूर असतात, हे लिहिता येते. पण विक्रीला ठेवलेल्या पदार्थाने आजार बरा होतो असे छापून आणले तर तुम्ही कायद्याच्या कचाट्यात सापडू शकता. असे वाक्य आम्ही ग्राहकाने आग्रह धरला तरी घेत नाही.

आता यादीचे. इंटर्नने पहिल्या दिवशी जुन्या फायलींतून आणि इकडून-तिकडून जमवून ६३ नावांची यादी आणली. काही पत्ते तिने वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर तळाशी छापलेल्या बारीक ओळीवरून घेतले होते. त्या प्रिंटलाइनमध्ये मुद्रक, प्रकाशक, संपादक आणि कार्यालयाचा पत्ता असतो. कार्यालयाचा फोन मिळवायला ती उपयोगी आहे, पण तिथल्या संपादकांना तुमच्या हुरड्याची नोट पाठवून काही होत नाही. ते दुसऱ्या शहरात बसलेले असू शकतात. आपल्याला लातूर कार्यालयात शहराचे पान लावणारा माणूस हवा असतो.

म्हणून तिला प्रत्येक नंबरवर फोन करायला लावले. कोणी बदलून नांदेडला गेले होते, कोणी पत्रकारिता सोडून शेती पाहत होते, काही नंबर बंदच होते. दोन दिवसांत ६३ पैकी १९ नावे उरली आणि या कार्यक्रमासाठी त्यांतली ११ निवडली. लोकमत, सकाळ, दिव्य मराठी, पुण्यनगरी यांसारख्या दैनिकांचे शहर बातमीदार त्यांत होते. एकमत हे लातूरचेच दैनिक, त्यामुळे ते वरच्या रांगेत होते. अ‍ॅग्रोवनसाठी तिने वेगळी नोट केली. शेतीच्या दैनिकाला फीत कोण कापणार यात रस नसतो. एक क्विंटल ज्वारीच्या किती लाह्या होतात, यंत्र कोणते आणि माल कुठे विकता, हे त्यांना हवे असते. आकाशवाणीचे धाराशिव किंवा परभणी केंद्र अशा विषयाला चांगले, पण तिथले कार्यक्रम आधी ठरतात आणि आधी ध्वनिमुद्रित होतात. त्यासाठी तीन-चार आठवडे हाताशी लागतात. ते यावेळी नव्हते, म्हणून तो विचार सोडून दिला.

यादीत नावापुढे तिने त्या माणसाचा विषय, फोनची सोयीची वेळ, मजकूर मेलवर हवा की व्हॉट्सअ‍ॅपवर आणि शेवटची खात्री कधी केली, एवढे लिहिले. खात्रीची तारीख सहा महिन्यांपूर्वीची असेल तर तो नंबर पुन्हा तपासल्याशिवाय वापरायचा नाही. ही यादी आम्ही ग्राहकांना देत नाही, कारण ते नंबर लोकांनी आमच्या इंटर्नला विश्वासाने दिलेले असतात.

व्हॉट्सअ‍ॅपची एक गंमत तुम्हालाही उपयोगी पडेल. ब्रॉडकास्ट लिस्टवरून पाठवलेला संदेश ज्याने तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये जतन केलेला असतो त्यालाच पोहोचतो. शंभर पत्रकारांना पाठवून कोणीच छापले नाही, असे सांगणाऱ्यांपैकी अनेकांचा संदेश मुळात पोहोचलेलाच नसतो.

दुसरी अडचण फॉन्टची. तुमच्या डीटीपीवाल्याने नोट श्रीलिपी किंवा तत्सम जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असते. ती कॉपी करून मेलमध्ये टाकली की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. लेटरहेडचा फोटो काढून पाठवला तर बातमीदाराला सगळे पुन्हा टाइप करावे लागते आणि आडनावे तिथेच बिघडतात. आम्ही मजकूर युनिकोडमध्ये, थेट मेलमध्ये किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवतो, कारण नुसता पाठवला की तो दाबला जातो आणि छपाईत धुरकट येतो. फोटोखाली "डावीकडून" असे लिहून नावे देतो.

वेळेबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण ग्राहकांशी आमची ओढाताण इथेच होते. पूर्वप्रसिद्धीची नोट गुरुवारी दुपारी गेली. शुक्रवारी इंटर्नने एकेकाला फोन करून फक्त "नोट मिळाली का, काही कमी आहे का" विचारले. "छापणार का" हा प्रश्न विचारायचा नाही, असे तिला बजावले होते. रविवारी ज्यांना बोलवायचे होते त्यांना शनिवारी वेळेची आठवण दिली. रविवार आम्हीच सुचवला होता. त्या दिवशी सरकारी कार्यालये बंद असल्याने बैठकांच्या बातम्या कमी असतात आणि सोमवारच्या अंकात छोट्या कार्यक्रमाला जागा निघते. पुढच्या रविवारी २६ जानेवारी होती, म्हणजे दुसऱ्या दिवशी अंकच नसतो. त्यामुळे गटाने आधी ठरवलेली ती तारीख बदलायला लावली.

कार्यक्रमानंतरची नोट त्याच दिवशी पाच वाजेपर्यंत गेली. तालुक्याची पाने शहराच्या पानाआधी बंद होतात, म्हणून तालुक्याच्या वार्ताहराला तीनलाच पाठवली. ही नोट सकाळीच लिहून पाठवण्याचा मोह सगळ्यांना होतो. आमच्याकडूनही एकदा तसे घडले होते. अध्यक्षस्थानी अमुक होते, असे दुसऱ्या दिवशी छापून आले आणि ते अमुक त्या दिवशी गावातच नव्हते. तेव्हापासून इंटर्न सभागृहात बसून आलेल्या पाहुण्यांच्या नावावर खूण करते, आडनाव त्यांच्याच तोंडून ऐकते आणि मगच "पाठवा" म्हणते. गिरवलकर आणि गिरवळकर यांतला फरक चुकला तर तुमचा पाहुणा वर्षभर तुम्हालाच ऐकवेल.

या कामात पूर्वप्रसिद्धी चार ठिकाणी आली, दोन ठिकाणी फक्त "शहरात आज" अशा रकान्यातली ओळ होती. नंतरची बातमी पाच ठिकाणी आली आणि त्यांतल्या एका ठिकाणी हुरड्याचा फोटोही होता. दोघांनी काहीच छापले नाही. त्यांना आम्ही कारण विचारले नाही.

कधी वार्ताहर जाहिरातीबद्दल बोलतो. अनेक ठिकाणी तोच जाहिरातीचेही काम पाहतो, त्यामुळे विचारणे स्वाभाविक आहे. तुम्हाला जाहिरात द्यायची असेल तर जाहिरात म्हणून द्या, दर आणि पावती घेऊन. बातमीसाठी पाकीट आम्ही देत नाही आणि तुमच्या वतीने कोणाला देऊही देत नाही. हे पटत नसेल तर काम घेण्याआधीच सांगा.

तुमच्याकडून कार्यक्रमाच्या किमान दहा दिवस आधी आम्हाला तारीख, वेळ, जागा आणि तुमच्यातली अशी एक व्यक्ती हवी, जी फोन उचलते आणि जिला आतली माहिती आहे. नोटेखाली तिचाच नंबर जातो. अध्यक्षांचा फोन दिवसभर बंद राहणार असेल तर तो देऊ नका. कार्यक्रमानंतर दोन दिवसांत आम्ही ई-पेपरवरून काढलेली कात्रणे तारीख आणि पान क्रमांकासह पाठवतो. छापताना एखादे नाव किंवा तारीख चुकली असेल तर संपादकांना किंवा मालकांना फोन न करता आधी आम्हाला कळवा. बहुतेक वेळा तो बातमीदारच दुसऱ्या दिवशी दुरुस्ती देतो.