लाल ठिपक्यावर जाऊ नका: विकत घेण्याआधी फोटोतून कासव ओळखणे

आर्वी तालुक्यात राहणाऱ्या माझ्या भाच्याने गेल्या पावसाळ्यात मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवला. निळ्या टोपल्यात तळहातावर मावेल एवढे कासवाचे पिल्लू होते, खाली विकणाऱ्याने "रेड इअर, 600 रुपये" असे लिहिले होते, आणि भाच्याचा प्रश्न एवढाच होता की, "मामा, घेऊ का?" डोळ्यामागे लालसर खूण दिसत होती, त्यामुळे त्याच्या मते शंकेला जागाच नव्हती.

शंका तिथेच होती. मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातून जगभर पसरलेल्या रेड-इअर्ड स्लायडरच्या डोळ्यामागे लाल पट्टा असतो हे खरे, पण गंगा, नर्मदा अशा नद्यांत राहणाऱ्या आपल्या इंडियन रूफ्ड टर्टलच्या डोळ्यामागेही नारिंगी-लाल खूण असते, आणि हे कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये असल्याने ते विकणे, विकत घेणे आणि घरी पाळणे हे तिन्ही गुन्हे आहेत. म्हणून लाल रंग आहे की नाही हे न पाहता तो कसा पसरला आहे ते पाहावे लागते. स्लायडरचा पट्टा डोळ्याच्या मागून निघून मानेकडे जवळपास सरळ जातो. रूफ्ड टर्टलची खूण मात्र चंद्रकोरीसारखी असते. ती डोळ्याच्या खालून सुरू होऊन मागच्या बाजूने वळत टाळूकडे चढते. त्यासाठी डोक्याचा अगदी बाजूने काढलेला फोटो हवा, कारण वरून काढलेल्या फोटोत दोन्ही खुणा सारख्याच भासतात.

भाच्याने पाठवलेला फोटो नेमका वरून काढलेला आणि पिवळ्या बल्बखालचा होता, म्हणून मी रंग सोडून पाठीचा आकार पाहिला. पाठीच्या मध्यावर मानेपासून शेपटीकडे मोठ्या खवल्यांची एक रांग असते. स्लायडरच्या पिल्लालाही या रांगेवर थोडासा उंचवटा असतो, त्यामुळे नुसता कणा दिसला म्हणून घाई करू नये. रूफ्ड टर्टलची पाठ मात्र कौलारू घराच्या आढ्यासारखी दोन्हीकडे उतरती असते, रांगेतला तिसरा खवला मागे टोकदार होऊन काट्यासारखा वर येतो, आणि त्यामागचा चौथा खवला पुढे निमुळता व मागे रुंद, एखाद्या सुरईसारखा लांब असतो. फोटो मोठा करून पाहिला तर त्या पिल्लाचा तिसरा खवला स्पष्टपणे टोकदार होता.

तरीही खात्रीसाठी मी भाच्याला पोटाकडचा फोटो मागवायला सांगितले. विकणारे हा फोटो क्वचितच स्वतःहून पाठवतात, आणि माझ्या मते सर्वांत जास्त माहिती त्याच फोटोत असते. स्लायडरच्या पिल्लाच्या पिवळ्या पोटावर जवळपास प्रत्येक खवल्यावर एकेक मोठा गडद डाग असतो, पुष्कळदा डोळ्यासारखा, आत फिकट आणि भोवती काळा. रूफ्ड टर्टलच्या एकाच खवल्यावर दोन ते चार लहान, लांबट काळे डाग असतात. संध्याकाळी आलेल्या फोटोत ते लांबट डागच दिसले. भाच्याने व्यवहार मोडला आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवले.

पोटाचा फोटो मागताना शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवायला सांगावे. एकतर इंटरनेटवरून उचललेला फोटो त्यातून उघडा पडतो, आणि दुसरे म्हणजे आकाराचा अंदाज येतो, कारण नाण्याहून थोडेसेच मोठे असलेले स्लायडरचे पिल्लू पुढे, मादी असेल तर, 25 सेंटिमीटरच्याही पुढे जाऊ शकते, आणि टोपल्यातल्या पाण्यात ते मुळीच मावत नाही. मोठ्या वयाच्या नरांत लाल पट्टा काळवंडून जवळपास नाहीसा होतो, म्हणून मोठे कासव घेताना लाल खूण नसणे हाही कसलाच पुरावा नव्हे. आणि घेतलेले स्लायडर नकोसे झाले म्हणून नदीत किंवा गावतळ्यात सोडणे सर्वांत वाईट, कारण तिथल्या कासवांशी ते अन्नासाठी आणि ऊन खायच्या जागेसाठी झगडते.

सरड्यांच्या बाबतीत काम थोडे सोपे आहे. बिअर्डेड ड्रॅगनचे शरीर चपटे व रुंद असते आणि कुशीच्या कडेने काट्यांची रांग असते, तर आपल्या बांधावरचा सरडा दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखा उभट असून काटे त्याच्या मानेवर असतात. "इग्वाना" म्हणून घोरपडीचे पिल्लू तर गळ्यात मारले जात नाही ना, हे पाहण्यासाठी कानाच्या पडद्याखाली नजर टाकावी: ग्रीन इग्वानाला तिथे एक मोठा, गोल, ढालीसारखा खवला असतो, गळ्याखाली लोंबती झालर आणि पाठीवर काट्यांची तुऱ्यासारखी रांग असते, आणि घोरपडीला यातले काहीच नसते. घोरपडही अनुसूची 1 मध्येच येते. इग्वाना खरा असला तरी तो आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या प्राण्यांच्या यादीतला असल्याने केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी करावी लागते, म्हणून विकणाऱ्याकडे आधी त्याच्या नोंदणीचा कागद मागावा आणि फोटो त्यानंतर पाहावा.